केरळच्या तारखेत दहा दिवस मिळवू नका

मान्सूनची सरासरी तारीख केरळात १ जून, मुंबई-ठाण्यात ११ जून. त्यामुळे केरळची बातमी आली की आमच्याकडे लगेच दहा दिवस मिळवले जातात. चूक इथेच होते. सरासरी म्हणजे एसटीचं वेळापत्रक नव्हे.

२०२३ मध्ये मान्सून ८ जूनला केरळात आला. मुरबाडला माझ्या मावसभावाने हाच हिशेब धरला, त्यात वळवाची एक सर पडली आणि गड्याने भाताचा राब पेरून टाकला. रोपं बोटभर वर आली आणि उन्हात करपली. दुबार पेरणी करावी लागली, बियाण्याचे पैसे गेले. मान्सून आपल्याकडे पोचला २५ जूनला.

मधे काय झालं? पावसाचं वारं निघतं दक्षिण गोलार्धातून. विषुववृत्त ओलांडताना पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते उजवीकडे वळतं आणि सोमालियाच्या किनाऱ्याजवळून अरबी समुद्र कापत नैऋत्येकडून आपल्यावर येतं. त्या वर्षी ऐन वेळी समुद्रात बिपरजॉय चक्रीवादळ होतं. वारं आणि बाष्प त्याने स्वतःभोवती ओढलं आणि ते १५ जूनला कच्छच्या किनाऱ्याला धडकलं. मान्सून ११ तारखेला रत्नागिरीपर्यंत येऊन तिथेच अडकला होता. उलट २०२५ मध्ये कमी दाबाचं क्षेत्र कोकण किनाऱ्यालगतच तयार झालं. त्याने वारं आपल्याकडे खेचलं. केरळ २४ मे, मुंबई २६ मे. दहा दिवसांचे दोन झाले! म्हणून केरळच्या तारखेपेक्षा समुद्रात कमी दाब कुठे आहे आणि कुठे सरकतोय, ते हवामान खात्याच्या पत्रकात आधी वाचा.

"यंदा उकाडा जास्त, म्हणजे पाऊस लवकर" हेही सोडा. जमीन तापणं हे वारं खेचण्याचं मूळ कारण खरं, पण पाऊस कोणत्या आठवड्यात येणार हे त्यावरून ठरत नाही.

दुसरी मोठी चूक म्हणजे वळवाला मान्सून समजणं. वळीव दुपारनंतर गडगडाट करत येतो, बहुतेकदा पूर्वेकडून. ठाण्यात पारसिकच्या डोंगरामागून. तासाभरात संपतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा घामाच्या धारा. दुपारी पश्चिमेचं वारं सुटलं म्हणूनही हुरळू नका, ते मे महिन्यात रोजच समुद्रावरून येतं आणि रात्री पडतं. मान्सूनचं वारं रात्रीही वाहतं. म्हणून मी पहाटे गच्चीवर जाऊन खालचे ढग बघतो. ते पश्चिमेच्या येऊरकडून पारसिककडे पळत असतील, रात्रीही सरी येत असतील आणि दोन-तीन दिवस हेच चालू राहिलं, तरच भावाला पेरायला सांगतो. एका सरीवर राब टाकणाऱ्यांची घाई मला कधीच पटलेली नाही.