जुलाबात ओआरएस देताना या चुका टाळा: पुडी, पावडर आणि घरचं मीठ-साखरेचं पाणी

मे महिन्यात सोलापुरात पारा चाळिशीच्या वर जातो, आणि नळाचं पाणी रोज येत नसल्याने ते पिंपात साठवलेलं असतं. अशा दिवसांत जुलाब सुरू झाले की घरोघरी पुडी फोडली जाते. पुडी चांगलीच असते. चूक होते ती पाण्याच्या मापात.

मोठ्या पुडीवर ‘एक लिटर पाण्यात’ असं छापलेलं असतं. तिच्यात साधारण २१ ग्रॅम पावडर असते. लहान पुडी २०० मिलीची, साधारण ४ ग्रॅमची. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेल्या असतात, म्हणून मोठी पुडी पेलाभर पाण्यात ढवळली जाते. आता हिशोब बघा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे एक लिटर द्रावणात सोडियम ७५ मिलिमोल असतं. तीच पुडी २०० मिलीच्या पेल्यात टाकली तर ते लिटरमागे पाचपट, म्हणजे ३७५ होतं. रक्तात ते १३५ ते १४५ असतं. एवढं खारं पाणी पोटात गेलं की आतडं उलट अंगातलं पाणी आत ओढतं. जुलाब वाढतात, रक्तातलं मीठ चढतं. मूल चिडचिडं होतं, सारखं पाणी मागतं, पुढे झटकेही येऊ शकतात. तहान वाढली म्हणून घरचे तेच पाणी आणखी पाजतात, आणि इथेच घोटाळा होतो.

उपाय सोपा आहे. पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली धुऊन घ्या, उकळून गार केलेलं पाणी भरा आणि मोठी पुडी पूर्ण, एकदाच टाका. अर्धी पुडी अंदाजाने वापरू नका, कारण पुडीतलं मीठ आणि साखर दोन्ही अर्ध्यांत सारखी येतीलच असं नाही. चोवीस तासांनंतर उरलेलं फेकून द्या. तयार द्रावण उकळू नका, त्यात साखर किंवा सरबत घालू नका. चव बघा: अश्रूंपेक्षा खारट लागलं तर माप चुकलं आहे, ते टाकून नवं करा.

पुडी मिळाली नाही तर घरी करा. एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा बारीक मीठ. चमचा ५ मिलीचाच हवा. औषधाच्या बाटलीवरच्या मापाच्या टोपणात ५ मिलीची खूण असते, त्यात पाणी भरून आपला चमचा आधी पडताळून पाहा. पोह्यांचा चमचा बराच मोठा असतो. ढीग भरलेला चमचा घेतला तर मीठ दुप्पट होऊ शकतं, म्हणून सुरीच्या पाठीने वरचं सपाट करा. खडे मीठ घेऊ नका, चमच्यात ते बारीक मिठाइतकं मावत नाही आणि माप चुकतं. घरच्या पाण्यात पोटॅशियम नसतं. खाता येत असेल तर केळं, वरणाचं पाणी, मऊ भात चालू ठेवा, आणि अंगावर पिणाऱ्या बाळाचं दूध थांबवू नका.

‘इलेक्ट्रोलाइट’ लिहिलेली पावडर किंवा तयार पेय म्हणजे ओआरएस नव्हे. खेळाडूंच्या पेयात साखर बरीच जास्त आणि सोडियम बरंच कमी असतं. घामासाठी ते चालेल, पण जुलाबात जास्तीची साखर आतड्यात पाणी खेचते. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली, तरी ओळख पाकिटावरच करा: जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र लिहिलेलं हवं, आणि घटकांत सोडियम क्लोराइड, पोटॅशियम क्लोराइड, सोडियम सायट्रेट व डेक्स्ट्रोज हवेत.

दीड वर्षाच्या मुलाला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिली पुरतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग दर दोन-तीन मिनिटांनी एक चमचा द्या. पेलाच तोंडाला लावला की पुन्हा उलटी होते, आणि ‘ओआरएस पचत नाही’ असा समज करून लोक ते बंद करतात. लहान मुलांना जिंकची गोळीही लागते, ती डॉक्टरांना विचारून सुरू करा.

जुलाब नसताना नुसत्या उन्हासाठी रोज पुडी पिऊ नये. भाकरी, आमटी, शेंगाचटणी असं जेवण होत असेल तर मीठ त्यातून मिळतं. पाणी, ताक, लिंबूपाणी पुरेसं आहे. यंत्रमागाच्या शेडमध्ये किंवा बांधकामावर तासन्‌तास घाम गाळणाऱ्याला पायात गोळे येऊ लागले तर मात्र ओआरएस द्यावं. रक्तदाबाच्या आणि किडनीच्या रुग्णांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

मूल सुस्त पडलं, डोळे खोल गेले, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसली, सहा तास लघवी झाली नाही किंवा शौचातून रक्त आलं, तर घरी थांबू नका. उन्हाने माणूस बरळायला लागला किंवा शुद्ध हरपली तर तोंडात काहीही ओतू नका. सावलीत न्या, अंगावर पाणी मारून वारा घाला आणि १०८ला फोन करा.