वळीव येण्याआधी सोलरचा सांगाडा: पॅनलच्या संख्येवरून ठोकळे आणि अँगलचा हिशेब

उन्हाळ्यात शेतातली कामे थोडी मोकळी असतात. त्यामुळे घराच्या किंवा पंपघराच्या स्लॅबवर सोलर पॅनल बसवायचे काम बरेच जण याच दिवसांत काढतात. ते योग्यही आहे, कारण वळवाचे वारे सुटण्याआधी काँक्रीट पूर्ण पिकलेले आणि बोल्ट आवळलेले हवेत. पॅनल आणि इन्व्हर्टर निवडताना आपण चार जणांना विचारतो. सांगाडा मात्र फॅब्रिकेटर म्हणेल तसा होतो, आणि वाऱ्यात पहिला मार सांगाड्यालाच बसतो. म्हणून अँगल आणायला जाण्यापूर्वी हा हिशेब स्वतः कागदावर मांडा.

आपण ६ पॅनलची एक ओळ घेऊ. पॅनल साधारण ५४० वॅटचे, लांबी २२७८ मिमी, रुंदी ११३४ मिमी आणि वजन सुमारे २८ किलो. तुमचे पॅनल वेगळे असेल तर त्याच्या मागच्या बाजूला टेप लावा आणि आपली मापे घाला, रीत तीच राहते. पॅनल उभे ठेवायचे, म्हणजे लांब बाजू उताराच्या दिशेने. उतार १५ अंश धरू.

आधी ओळीची लांबी काढा. सहा पॅनलची रुंदी ६८०४ मिमी. दोन पॅनलमध्ये २० मिमी फट सोडायची, अशा पाच फटी म्हणजे १०० मिमी. दोन्ही टोकांना साधारण ५० मिमी अँगल जास्तीचा ठेवला की एकूण ७ मीटर होतात. पॅनल ज्यावर टेकतात ते आडवे अँगल दोन, म्हणून त्यांचे १४ मीटर.

या दोन आडव्या अँगलमधले अंतर मनाने ठरवू नका. पॅनलच्या फ्रेमला मागून कंपनीची भोके असतात. या मापाच्या बऱ्याच पॅनलमध्ये लांब बाजूवरच्या मुख्य भोकांमधले अंतर १४०० मिमी असते. आपल्या पॅनलवर ते मोजा आणि त्याच अंतरावर अँगल ठेवा. अँगल भलतीकडे आला म्हणून फ्रेमला नवे भोक पाडले, तर फ्रेम कमजोर होते आणि वॉरंटीही जाते.

आता चौकटी. एक चौकट म्हणजे पुढचा पाय, मागचा पाय आणि दोघांवरचा तिरका राफ्टर. दोन चौकटींमध्ये २ मीटरपेक्षा जास्त अंतर नको आणि टोकाला अर्ध्या मीटरपेक्षा जास्त लोंबता भाग नको. म्हणजे ७ मीटरमधून दोन टोकांचा १ मीटर वजा केला की ६ राहतात. २ ने भागले की तीन गाळे, आणि गाळ्यांपेक्षा चौकट एक जास्त, म्हणून चार. प्रत्येक चौकटीला दोन पाय आणि प्रत्येक पाय काँक्रीटच्या एका ठोकळ्यात, तेव्हा ठोकळे आठ. चार पॅनलची ओळ ४.७ मीटर भरते, तिला तीन चौकटी आणि सहा ठोकळे लागतात. आठ पॅनलला ओळ ९.३ मीटर होते, टोके वजा करून ८.३ उरतात आणि भागाकार चारच्या किंचित वर जातो. इथे बहुतेक जण चार गाळ्यांतच ताणून बसवतात. माझे मत, पाचवा गाळा घ्यावा. तो घेतला की गाळा १.६६ मीटरचा होतो आणि अँगल निवांत काम करतो. वारा वरून दाबतो तसा खालून उचलतोही, आणि गाळा लांबला की अँगल नुसता वाकत नाही, पिळलाही जातो.

पायांची उंची उतारावरून ठरते. तिरक्या रेषेत १.४ मीटर अंतर असेल तर १५ अंशाला मागचा पाय पुढच्यापेक्षा ३६ सेंमी उंच लागतो, आणि स्लॅबवर दोन पायांत १.३५ मीटर अंतर येते. पुढचा पाय ठोकळ्यावर अर्धा मीटर ठेवू, म्हणजे खाली हात घालून साफसफाई करता येईल. २५ सेंमी काँक्रीटमध्ये गाडायचे. असे पुढचे पाय ७५ सेंमीचे, मागचे ११२ सेंमीचे. राफ्टर १.७ मीटरचा, दोन्ही बाजूंना १५ सेंमी बाहेर. हे सगळे ५० × ५० × ६ मिमी अँगलमध्ये. ५ मिमी जाडीचा अँगल २ मीटरच्या गाळ्याला आणि जोराच्या वाऱ्याला अगदी काठावर येतो, म्हणून इथे काटकसर नको.

बाजारात अँगल ६ मीटरचा येतो आणि आपला आडवा अँगल ७ मीटरचा आहे. ६ अधिक १ असा जोड सगळ्यात सोपा दिसतो, पण तो करू नका. एक मीटरचा तुकडा एकाच चौकटीवर टेकतो आणि सगळा भार जोडाच्या बोल्टवर येतो. नियम असा ठेवा की प्रत्येक तुकडा किमान दोन चौकटींवर टेकला पाहिजे आणि जोड गाळ्याच्या मधोमध नको. म्हणून ४ अधिक ३ असे तुकडे करा. आपल्या चौकटी डाव्या टोकापासून ०.५, २.५, ४.५ आणि ६.५ मीटरवर आहेत. खालच्या अँगलचा जोड ४ मीटरवर येईल, वरच्या अँगलचे तुकडे उलटे लावले की त्याचा ३ मीटरवर. दोन्ही जोड जवळच्या चौकटीपासून अर्ध्या मीटरवर राहतात. जोडावर आतून ३० सेंमीचा अँगलचा तुकडा आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन बोल्ट.

अशा मापांना पाच अँगल नेमके पुरतात. पहिल्यातून ३ मीटरचे दोन तुकडे. दुसऱ्यातून ४ मीटर आणि एक राफ्टर, तिसऱ्यातूनही तेच. या दोन्हींतून जे ३० सेंमी उरते तेच जोडाला वापरायचे. चौथ्यातून दोन राफ्टर आणि दोन मागचे पाय. पाचव्यातून उरलेले दोन मागचे पाय आणि चारही पुढचे. शिवाय तिरके आधार लागतात, त्यांना ४० × ४० × ५ मिमी चालतो. प्रत्येक चौकटीत पुढच्या पायाच्या बुडापासून मागच्याच्या डोक्यापर्यंत १.६ मीटरचा एक, आणि मागच्या ओळीत दोन्ही टोकांच्या गाळ्यांत २.१५ मीटरचा एकेक. एका अँगलमधून २.१५ चे दोन आणि १.६ चा एक, दुसऱ्यातून १.६ चे तीन. म्हणजे ५० चे पाच आणि ४० चे दोन नग. नुसत्या मीटरांची बेरीज करून नग आणले, तर कापताना उरलेले तुकडे कुठेच बसत नाहीत आणि कमी पडलेला एक अँगल आणायला पुन्हा जावे लागते.

आता ठोकळ्यांकडे. ठोकळे किती, ते पॅनलच्या संख्येवरून कळते. ते किती जड हवेत, ते मात्र वारा ठरवतो. वाऱ्याचा दाब काढायची साधी रीत अशी: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, त्याचा वर्ग करा आणि ०.६ ने गुणा. उत्तर न्यूटन प्रति चौरस मीटरमध्ये येते. ३९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी सुमारे १४० किमी वेगाला ते ९१३ येते. आपल्या सहा पॅनलचे क्षेत्र १५.५ चौरस मीटर. सगळा दाब उचलण्यात गेला असे धरले, तर १४४० किलो वजन उचलण्याइतका जोर होतो. याच्या विरोधात पॅनल १६८ किलो आणि लोखंड साधारण १६० किलो, मिळून ३३० किलो.

सगळीकडे सर्रास दिसतो तो एक फुटी ठोकळा, म्हणजे ३० सेंमीचा घन. त्याचे वजन ६५ किलो, आठांचे ५२० किलो. सांगाडा धरून ८५० किलो होतात. हे वजन ताशी जेमतेम १०८ किमीच्या वाऱ्याशी बरोबरी करते, तेही हाताशी काहीच शिल्लक न ठेवता. म्हणून ४५ × ४५ सेंमी आणि ४० सेंमी उंच असा ठोकळा धरा. त्याचे वजन १९५ किलोच्या आसपास, आठांचे साडेपंधराशे किलो. सांगाड्यासह १८८५ किलो झाले, म्हणजे १४४० च्या वर बऱ्यापैकी राखीव राहिली. मधल्या चौकटींवर वाऱ्याचा वाटा टोकाच्या चौकटींपेक्षा जास्त असतो, तोही यात भागतो. उतार १५ अंशांहून वाढवला किंवा ओळ गच्चीच्या कडेला नेली की जोर वाढतो. तेव्हा हे आकडे पुरत नाहीत आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून हिशेब करून घ्यावा लागतो.

एक गोष्ट या वजनानेही सुटत नाही. वारा उचलतो तसा ढकलतोही. उचलण्याने ठोकळ्याचा स्लॅबवरचा भार हलका झाला की तो घसरू शकतो. म्हणून खाली प्लॅस्टिकचा गुळगुळीत कागद घालून ठोकळे ओतू नका. बीमवर येणाऱ्या किमान चार ठोकळ्यांत १२ मिमीची सळई केमिकल अँकरने बीममध्ये बसवा आणि भोकाभोवती वॉटरप्रूफिंग नीट भरा. ठोकळे शक्यतो बीमच्या रेषेवरच आणा, कारण जवळपास दोन टन वजन आठ जागांवर उतरते. जुन्या, गळक्या किंवा सळई उघडी पडलेल्या स्लॅबवर हे वजन ठेवू नये.

आठ ठोकळ्यांना ०.६५ घनमीटर काँक्रीट लागते. १ : १.५ : ३ या प्रमाणात सिमेंटच्या ५० किलोच्या सहा गोण्या धरा, थोडे उरेल. पाय गाडण्याआधी त्याच्या बुडाशी १५ सेंमीचा सळईचा आडवा तुकडा वेल्ड करा, नाहीतर अँगल ठोकळ्यातून ओढला जाऊ शकतो. स्लॅबला पाण्याचा उतार असतोच, त्यामुळे पायांची डोकी लेव्हल पाइपने एका रेषेत आणा आणि ओळंबा लावून पाय उभे धरा. उन्हात काँक्रीट झपाट्याने सुकते. सकाळी लवकर ओता, पेटी खोलली की ओले पोते गुंडाळा आणि किमान सात दिवस ते ओले ठेवा. पॅनल चढवायला दोन आठवडे थांबा. ठोकळ्यांमुळे पाण्याची वाट अडत नाही ना, तेही ओतण्याआधी बादलीभर पाणी टाकून पाहा.

अँगल कापून, भोके पाडून, मग हॉट डिप गॅल्व्हनायझिंगला दिले तर उत्तम. तयार गॅल्व्हनाइज्ड अँगल कापला असेल, तर प्रत्येक कापलेल्या टोकाला आणि भोकाला झिंकचा रंग दोन हात द्या. सर्वांत आधी गंजते ती जागा म्हणजे अँगल काँक्रीटमध्ये शिरतो तिथली. ठोकळ्याचा माथा पायाकडून बाहेर उतरता ठेवा, म्हणजे तिथे पाणी साचत नाही.

पहिल्या जोराच्या वाऱ्यानंतर गच्चीवर जा. पॅनलमधल्या फटी एकसारख्या राहिल्या नसतील, तर एखादी चौकट हलली आहे. ठोकळ्याच्या कडेला स्लॅबवर ताजा ओरखडा दिसला, तर तो सरकला आहे आणि तिथे अँकर वाढवावा लागेल. बोल्टवर आवळल्यानंतर मार्करने नटापासून अँगलपर्यंत एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की तो नट सैल झाला आहे, हे पाना न लावता कळते.