मुलांच्या हेडफोनवर ‘८५ डीबी सेफ’ लिहिलंय म्हणून निवांत बसलात? या चुका टाळा

दिवाळी-वाढदिवसाला नाशिकच्या एमजी रोडवरून किंवा ऑनलाइन मुलांचे ब्लूटूथ हेडफोन घेतले जातात, बॉक्सवर कार्टून आणि खाली ‘८५ डीबी व्हॉल्यूम लिमिट’, आणि मग घरच्यांना वाटतं चला कानाचा प्रश्न मिटला, आता पोरगं कितीही वेळ ऐकू दे. तसं नसतं. लिमिट असतं, बऱ्याचदा खरंही असतं, पण ते नेमकं कुठे बसवलंय हे माहीत नसलं की घरातल्या घरातच ते उडून जातं आणि कोणाला पत्ताही लागत नाही.

पहिली चूक म्हणजे ८५ हा आकडा ‘कितीही वेळ चालेल’ असा वाचणे. हा आकडा मूळचा कारखान्यातला आहे. अमेरिकेतल्या नायोश या संस्थेची शिफारस आहे की कामगाराने ८५ डेसिबलमध्ये दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त राहू नये, म्हणजे आपल्या सातपूर-अंबडच्या प्रेसशॉपमधल्या मोठ्या माणसाला लावायचा हिशोब, तो चौथीतल्या मुलाला कसा लावणार? मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची दूरसंचार संस्था आयटीयू यांनी २०१८ मध्ये वेगळं स्टँडर्ड काढलं, त्यात मोठ्यांना ८० डेसिबल आठवड्याला ४० तास, आणि मुलांना ७५ डेसिबल आठवड्याला ४० तास. त्याच्यावर आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. म्हणजे ७८ ला २० तास, ८१ ला १०, ८४ ला ५, आणि ८५ ला साधारण ४ तास. हे ४ तास दिवसाचे नाहीत हं, अख्ख्या आठवड्याचे. बॉक्सवर ही ओळ कोणी छापत नाही.

आता लिमिट काम कसं करतं ते बघा, कारण बाकीच्या चुका इथूनच निघतात. ब्लूटूथवर फोन गाणं पाठवतो आणि सोबत व्हॉल्यूमचा एक नंबर पाठवतो, ० ते १२७ मधला. त्या नंबरला किती जोरात वाजवायचं हे हेडफोनमधली चिप ठरवते. मुलांच्या हेडफोनमध्ये कंपनीने चिपला सांगून ठेवलेलं असतं की फुल म्हणजे फक्त एवढंच. म्हणून टॅबचा आवाज शेवटपर्यंत ओढला तरी ब्लूटूथवर तो एका हद्दीत राहतो. पण ही चिप कानात किती आवाज जातोय ते मोजत नाही, फक्त नळ किती उघडायचा तेवढंच तिला कळतं. त्यामुळे जोरात मिक्स केलेलं गाणं लिमिटच्या थोडं वर जाऊ शकतं आणि बाईंनी घरी रेकॉर्ड केलेलं लेक्चर फुल व्हॉल्यूमलाही पुटपुटल्यासारखं वाटतं. आणि पोरं ऐकू आलं नाही की गप्प बसत नाहीत, दुसरा रस्ता शोधतात.

तो दुसरा रस्ता म्हणजे वायर. हीच सगळ्यात मोठी चूक, बॉक्समधली ऑक्स केबल बिनधास्त मुलाच्या हातात देणे. बऱ्याच हेडफोनमध्ये केबल लावली की ब्लूटूथची चिप बाजूला पडते आणि टॅबमधून येणारा आवाज थेट स्पीकरला जातो. चार्जिंग संपलं तरी वायरवर वाजतं ना, ते यामुळेच. मग चिपमधलं लिमिट गेलं. काही कंपन्या वायरसाठी आवाज दाबणारा वेगळा रेझिस्टर टाकतात, कधी हेडफोनच्या कपमध्ये तर कधी केबलमध्येच, आणि केबलमध्ये असेल तर ती हरवल्यावर रविवार कारंजावरून साधी केबल आणली की खेळ खलास. रेझिस्टर असला तरी तो ठराविक ताकदीचा फोन गृहीत धरून बसवलेला असतो, जास्त ताकदीच्या लॅपटॉपला लावलं की आवाज वर जातोच.

इंदिरानगरला हायवेजवळ राहणाऱ्या एका वहिनींची केस सांगते. पोरगी नऊ वर्षांची, हेडफोन ‘सेफ’वाले, तरी वहिनी म्हणाल्या, “ताई, शेजारच्या खोलीत गाण्याचे शब्द ऐकू येतात हो, आणि काढल्यावर ती म्हणते कानात शिट्टी वाजतेय.” हेडफोन बघितले तर पॉवरचं बटण दाबून धरलं की मोड बदलायचा, एक ८५ चा आणि एक ९४ चा, दुसरा प्रवासासाठी असं माहितीपत्रकात बारीक अक्षरात. पोरीने तो ९४ चा मोड केव्हाच शोधून काढलेला, कारण खिडकी उघडी, बाहेर ट्रकचे हॉर्न, आणि कानावर नुसते टेकलेले पातळ कप, बाहेरचा आवाज सरळ आत. ९४ डेसिबलला मुलांचा आठवड्याचा कोटा होतो साधारण अर्धा तास. ही रोज दोन तास यूट्यूब बघायची, म्हणजे सोमवारी पहिल्या अर्ध्या तासातच आठवडा संपला.

मग आम्ही वायरचीही टेस्ट केली, ती तुम्हीही करा. एका जाड पुठ्ठ्याला फोनच्या माइकएवढं भोक पाडायचं, दुसऱ्या फोनवर साउंड मीटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप लावायचं, माइक भोकाखाली आणि वर हेडफोनचा कप घट्ट दाबून. टॅबवर तेच गाणं, तोच तुकडा, आधी ब्लूटूथवर फुल आणि मग वायरवर फुल. अ‍ॅपचा आकडा खरा धरू नका, फोनचा माइक त्यासाठी बनलेला नाही आणि कप पुठ्ठ्यावर कानासारखा बसत नाही. फक्त दोन्हीतला फरक बघा. पाच-सहा डेसिबलने वायर पुढे असेल तर समजायचं वायरवर लिमिट नाही किंवा ढिलं आहे. वहिनींकडे वायर चांगलीच पुढे निघाली. उपाय साधा, केबल कपाटात, मोड परत ८५ वर, अभ्यासाची जागा मागच्या शांत खोलीत, आणि टॅबमध्ये पिन टाकून लिमिट.

हे पिनचं मात्र लोक विसरतात. सॅमसंगच्या फोन-टॅबमध्ये `Settings > Sounds and vibration > Volume` मध्ये वरच्या तीन ठिपक्यांत `Media volume limit` सापडतं, तिथेच पिन ठेवता येतो. हे लिमिट फोनच्या बाजूचं, म्हणून हेडफोनच्या लिमिटवर आणखी एक झाकण बसतं आणि मोड बदलला तरी पोराला फुल नंबर पाठवताच येत नाही. पण इथे टक्के आणि डेसिबल एक समजू नका. एका हेडफोनवर ६० टक्के ठीक वाटेल, दुसऱ्यावर तेच कान फाडेल, म्हणून हेडफोन बदलला की सेटिंग पुन्हा कानाने तपासा.

आयफोन-आयपॅडवर `Headphone Safety` मध्ये `Reduce Loud Audio` आहे, त्यात ७५ पर्यंत खाली ओढता येतं, पोरासाठी तेच ठेवा. आकडा अ‍ॅपलच्या स्वतःच्या हेडफोनवर बराच बरोबर येतो, इतर कंपन्यांवर तो अंदाज असतो. आणि ब्लूटूथच्या यादीत त्या हेडफोनशेजारच्या `i` वर जाऊन `Device Type` मध्ये `Headphone` निवडलंय ना तेवढं बघा, नाहीतर फोन त्याला स्पीकर किंवा गाडीचा स्टिरिओ समजतो आणि मोजायचंच सोडून देतो.

कानात शिट्टी वाजणं किंवा हेडफोन काढल्यावर सगळं कापूस घातल्यासारखं ऐकू येणं हे दोन्ही जास्त झाल्याचे इशारे आहेत. एखाद्या दिवशी झालं आणि रात्री झोपून उठल्यावर गेलं तरी आवाज आणि वेळ दोन्ही कमी करा, परत परत होत असेल किंवा जातच नसेल तर कान-नाक-घसावाल्या डॉक्टरांकडे नेऊन ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची तपासणी करून घ्या, तोपर्यंत हेडफोन बंद.