पगार आणि वर तीन-चार छोटी उत्पन्नं: हिशेबातल्या या चुका टाळा

जुलै उजाडला की ऑफिसातले तीन-चार जण माझ्या टेबलाशी घुटमळायला लागतात. मी सीए नाही. पगाराबरोबर भाषांतराची कामं, अधूनमधून एखादं व्याख्यान आणि मुदत ठेवींचं व्याज असा माझा संसार गेली अकरा वर्षं चालू आहे आणि त्यात मी बहुतेक चुका स्वतः करून पाहिल्या आहेत, एवढंच माझं क्वालिफिकेशन. येणाऱ्यांच्या हातात फॉर्म 16 असतो, मोबाइलमध्ये बँकेचं स्टेटमेंट असतं आणि तोंडी एकच वाक्य असतं, "बाकीचं किरकोळ आहे हो." त्या किरकोळातच सगळी गोम असते.

पहिली आणि माझ्या डोक्यात जाणारी चूक म्हणजे बँकेचा मेसेज पाहून उत्पन्न लिहिणं. खात्यात 36,000 आले, वहीत 36,000 लिहिले. पण बिल 40,000 चं होतं. देणाऱ्याने 10 टक्के टीडीएस कापून उरलेले पाठवले. तुमचं उत्पन्न 40,000 आहे. कापलेले 4,000 तुमच्याच नावावर सरकारजमा झालेले आहेत आणि ते शेवटच्या करातून वजा मिळणार आहेत. उत्पन्न 36,000 दाखवून वर 4,000 ची वजावटही मागितली, तर एकाच रकमेचा फायदा दोनदा घेतल्यासारखं होतं आणि विभागाच्या नोंदींशी आकडा जुळत नाही. वर्षाअखेरीला "हे 36 कशाचे होते?" असं विचारलं तर माणूस मेल शोधत बसतो. बिल पाठवलं त्याच दिवशी पूर्ण आकडा लिहिला असता तर ही वेळ आली नसती.

याचीच जुळी बहीण म्हणजे मार्चचं बिल. यात मी स्वतः पोळलो आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

2022-23 या आर्थिक वर्षात एका प्रकाशन संस्थेला मी 24 मार्चला 40,000 चं बिल दिलं. पैसे आले 17 एप्रिलला. माझ्या वहीत नोंद एप्रिलची, म्हणजे पुढच्या वर्षाची. माझ्या दृष्टीने विषय संपला. पण टीडीएसचा नियम असा आहे की रक्कम हिशेबात तुमच्या नावे जमा केली किंवा प्रत्यक्ष दिली, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा कपात करायची. त्यांच्या लेखा विभागाने वर्ष बंद करताना 31 मार्चला माझं बिल खात्यात धरलं, 4,000 कापले आणि मार्चच्या तिमाहीत भरून टाकले. त्यामुळे माझ्या नावे जमा झालेला कर जिथे दिसतो त्या फॉर्म 26एएसमध्ये ते 4,000 जुन्या वर्षातच दिसले. रिटर्न भरताना पोर्टलने ते आपोआप भरून दिले आणि मी आनंदाने घेतले. उत्पन्न मात्र माझ्या वहीप्रमाणे पुढच्या वर्षात ठेवलं.

दोन-अडीच महिन्यांनी मेल आला की तुमचं विवरणपत्र सदोष आहे. टीडीएसची वजावट मागितली आहे, पण ज्यावर तो कापला ती रक्कम उत्पन्नात दिसत नाही. उत्तराला पंधरा दिवस. मी तेव्हा चार दिवस गावी होतो आणि मेल उघडला नव्हता, म्हणजे हातात अकराच उरले. घाबरून मी आधी त्या संस्थेला फोन केला आणि चूक त्यांचीच आहे असं ठणकावलं. पलीकडच्या बाईंनी शांतपणे तारीख वाचून दाखवली. चूक त्यांची नव्हती.

यातून सुटायचे दोन रस्ते असतात. एक म्हणजे बिलाच्या तारखेला उत्पन्न धरायचं. मग 40,000 आणि 4,000 दोन्ही जुन्याच वर्षात जातात. दुसरा म्हणजे पैसे मिळाल्यावर उत्पन्न धरायचं. मग 4,000 ची वजावटही पुढच्या वर्षी ओढायची. त्यासाठी विवरणपत्रात टीडीएसच्या तक्त्यात वेगळा रकाना असतो. पद्धत कुठलीही घ्या, पण ती दरवर्षी तीच हवी. ज्या वर्षी सोयीचं त्या वर्षी ते, असं चालत नाही. मी पहिला रस्ता धरला, उत्पन्न वाढवून दुरुस्त विवरणपत्र दिलं, वरचा कर व्याजासह भरला. तेव्हापासून 31 मार्चला संध्याकाळी मी एक यादी करतो: बिल दिलंय पण पैसे आलेले नाहीत, अशी. बहुतेक वर्षी त्यात दोन-तीनच ओळी असतात.

माझी वही म्हणजे साधी स्प्रेडशीट आहे. बिलाची तारीख, कोणाकडून, पूर्ण रक्कम, कापलेला टीडीएस, हातात आलेली रक्कम, आल्याची तारीख आणि कशाबद्दल. सात रकाने. लोक यासाठी ॲप विचारतात. ॲप घ्या हवं तर, पण पंधरा दिवसांनी ॲपचं नाव आठवत नाही असेच लोक ॲप विचारतात, असा माझा अनुभव आहे. दुसरी सवय म्हणजे वरकड उत्पन्नासाठी वेगळं बचत खातं. शिकवणीचे यूपीआयने आलेले पैसे, मित्राने परत केलेले जेवणाचे पैसे आणि पगार एकाच खात्यात पडू दिले, तर मार्चमध्ये कोणता दीड हजार कशाचा हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

दुसरी लाडकी चूक: "टीडीएस कापलाय ना, मग कर भरलाच की." नाही. तुमचा पगार ज्या टप्प्यात पोचवतो, त्याच टप्प्याचा दर वरच्या उत्पन्नाला लागतो. देणाऱ्याला तुमचा पगार माहीत नाही आणि ऑफिसला तुमची शिकवणी माहीत नाही. दोघेही आपापल्या तुकड्यापुरता कर कापतात. बेरीज तुम्हालाच करायची असते.

एक उदाहरण घेऊ. आर्थिक वर्ष 2025-26, नवी करप्रणाली, पगार 14 लाख. 75,000 ची प्रमाणित वजावट जाऊन 13,25,000 उरतात. त्यावर कर 78,750 आणि 4 टक्के उपकर धरून 81,900. हे ऑफिसने पगारातून कापलं. आता वरचं उत्पन्न: भाषांतराचे 1,20,000, ज्यावर 12,000 टीडीएस कापला गेला, शिकवणीचे 60,000, कपात शून्य, मुदत ठेवीचं व्याज 40,000, तिथेही कपात शून्य, कारण त्या वर्षापासून बँकेची मर्यादा साठ वर्षांखालच्यांसाठी 50,000 आहे. एकूण 2,20,000. खर्चाची वजावट सोडून देऊ. हे सगळं 15 टक्क्यांच्या टप्प्यात बसतं, म्हणून कर 33,000, उपकरासह 34,320. त्यातले 12,000 गेले. राहिले 22,320.

माणूस इथे म्हणतो, ठीक आहे, जुलैत भरू. पण टीडीएस वजा जाऊन 10,000 किंवा त्याहून जास्त कर उरत असेल तर तो वर्ष चालू असतानाच आगाऊ भरायचा असतो: 15 जूनपर्यंत 15 टक्के, 15 सप्टेंबरपर्यंत 45, 15 डिसेंबरपर्यंत 75 आणि 15 मार्चपर्यंत सगळा. वरच्या उदाहरणात काहीच न भरता थेट जुलैत भरला, तर हप्ते चुकल्याबद्दल साधारण अकराशे आणि एप्रिल ते जुलै दरमहा एक टक्क्याने साधारण नऊशे, असं दोन हजारांच्या घरात व्याज लागतं. कोणी बुडत नाही त्याने. पण फुकट जातात, आणि दरवर्षी जातात.

मी हप्त्यांच्या भानगडीत पडत नाही. पगार देणाऱ्याला आपलं इतर उत्पन्न कळवता येतं आणि तो त्यावरचा करही पगारातून कापू शकतो. मी ऑक्टोबरात अंदाज बांधून ऑफिसला आकडा देतो. पुढच्या महिन्यांत पगार थोडा बारीक होतो, पण चलन, तारखा, व्याज, सगळं टळतं, कारण पगारातून कापलेला टीडीएस वजा करूनच आगाऊ कराचा हिशेब होतो. काहींना साहेबांना बाहेरची कामं कळू नयेत असं वाटतं. त्यांनी मुकाट्याने हप्ते भरावेत.

आता उरलेल्या चुका, भराभर.

विवरणपत्राचा सगळ्यात सोपा फॉर्म म्हणून आयटीआर-1 भरू नका. भाषांतर, शिकवणी ही कामं सातत्याने करत असाल तर ते व्यवसायाचं उत्पन्न आहे आणि त्याला आयटीआर-3 किंवा नियमांत बसत असेल तर आयटीआर-4 लागतो. "इतर स्रोत" म्हणजे अडगळीची खोली नव्हे.

व्हिडिओत कोणीतरी सांगितलं म्हणून निम्मं उत्पन्न खर्चात दाखवू नका. ती आयकर कायद्याच्या कलम 44एडीएची सवलत वकिली, वैद्यकीय, अभियांत्रिकी, तांत्रिक सल्ला अशा ठरावीक व्यवसायांनाच आहे. शिकवणी त्या यादीत नाही.

व्यवसायाचं उत्पन्न एकदा आलं की जुनी-नवी करप्रणाली दरवर्षी बदलण्याची नोकरदाराची मुभा तुम्हाला राहत नाही. जुनी घ्यायची तर फॉर्म 10-आयईए मुदतीत द्यावा लागतो, आणि नंतर नव्याकडे परतायची संधी एकदाच.

एआयएस म्हणजे तुमच्या व्यवहारांची विभागाकडची वार्षिक यादी. त्यात दिसत नाही म्हणजे करपात्र नाही, असं नसतं. शिकवणीचे यूपीआय त्यात सहसा दिसत नाहीत, तरी ते तुमचं उत्पन्नच आहे. उलट जे दिसतंय पण चुकीचं आहे, त्यावर तिथेच अभिप्राय नोंदवता येतो. संयुक्त ठेवीचं व्याज पहिल्या नावावर दिसतं, तेही तपासा.

आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात "मी तर भरून मोकळा" असा फोटो टाकणारे उत्साही लोक. मार्च तिमाहीचं टीडीएस विवरण भरायची देणाऱ्याची मुदत 31 मे असते. पगाराचा फॉर्म 16 आणि इतर कपातीचा 16ए 15 जूनच्या सुमारास हातात येतात. त्याआधीचं 26एएस अर्धवट असतं, आणि अर्धवट कागदावरून भरलेलं रिटर्न मग सुधारित भरावं लागतं. मी 20 जूनला 26एएस उघडतो, वहीतल्या टीडीएसच्या रकान्याशी ओळ-ओळ ताडतो. एखादी कपात दिसत नसेल तर देणाऱ्याला लगेच मेल करतो, कारण बहुतेक वेळा पॅनमधलं एखादं अक्षर चुकलेलं असतं आणि ती दुरुस्ती त्यांनाच करता येते.

रिटर्न भरल्यावर 30 दिवसांत ई-पडताळणी करा. ती न करता परताव्याची वाट पाहत बसलेले दोन जण दरवर्षी माझ्याकडे येतातच.