तार गेली, पण कौलांवर डाग राहिला: या चुका टाळा

पणजीच्या फोंतेन्हासमधल्या एखाद्या गल्लीचा फोटो धरू. पिवळी भिंत, तिला पांढरी किनार, वर कौलं. आकाशातून एक काळी तार उतरते आणि कौलांच्या कडेवरून भिंतीवर येते. खाली कचऱ्याचा डबा, बाजूला एक पाटी. फोटोशॉपमध्ये हे साफ करताना घोळ हमखास होतो तो तार कौलांच्या कडेला टेकते तिथे.

स्पॉट हीलिंग ब्रश आकाशापासून भिंतीपर्यंत एका दमात ओढला, की कडेपाशी काळपट-तांबूस डाग पडतो. हीलिंग आजूबाजूचा रंग आणि उजेड आत मिसळून घेतं. शेजारी गडद कौल असेल, तर त्याचा रंग आकाशात झिरपणारच. क्लोन स्टॅम्प काहीच मिसळत नाही, जसंच्या तसं उचलून ठेवतो. म्हणून आधी तार कडेपाशी तोडायची, मग उरलेली पुसायची.

आधी वर नवा रिकामा लेयर घ्या. क्लोन स्टॅम्पला `Sample: Current & Below` लावा आणि स्पॉट हीलिंगला `Sample All Layers` वर टिक करा. सगळं मूळ फोटोवरच केलं, तर चूक सुधारायला जागा उरत नाही. क्लोन स्टॅम्पची हार्डनेस ७०-८० टक्के ठेवा. तार नसलेल्या जागी, कौलाच्या नेमक्या कडेवर `Alt` दाबून क्लिक करा आणि तारेच्या जागीही कडेवरच ठेवा. एक-दोन कौलं बाजूला सरकून नमुना घेतला, तर कौलांची लय मोडत नाही. कडेच्या दोन्ही बाजूंना थोडी तार अशी काढली, की आकाशातला तुकडा सुटा होतो. आता तिथे स्पॉट हीलिंग चालेल. तार ६ पिक्सेल जाड असेल तर ब्रश ९-१० चा पुरे. मोठा घेतला तर नको तेवढं आकाश बदलतं. एका टोकाला क्लिक, मग `Shift` धरून पुढे क्लिक, की सरळ रेघ निघते. तारेला झोल असतो, म्हणून हे छोट्या टप्प्यांत करा.

आकाशात अगदी मऊ क्लोन ब्रश वापरू नका. कडांना दोन जागांचे दाणे एकमेकांत मिसळतात आणि तिथे गुळगुळीत पट्टा दिसतो. तो नुसत्या डोळ्यांना चटकन सापडत नाही. सर्वात वर कर्व्ह्जचा तात्पुरता लेयर टाकून कॉन्ट्रास्ट भरपूर वाढवा, सगळे पट्टे उघडे पडतील. स्पॉट हीलिंग करताना तो लेयर बंद ठेवा, काम झालं की काढून टाका.

डब्याच्या बाबतीत विसरली जाते ती सावली. डबा जातो आणि फरशीवर बेवारस सावली राहते. भिंत आणि फरशीच्या सांध्यावर नमुना घेऊन आधी ती रेघ जुळवा, मग वरची भिंत आणि खालची फरशी भरा. पोपडे उडालेल्या भिंतीवर दर काही फटक्यांनी नमुन्याची जागा बदला, नाहीतर तोच पोपडा तीनदा दिसतो.

पाटीचं गणित मात्र वेगळं. ती सपाट भिंतीवर असेल तर जमतं. तिच्यामागे अर्धी खिडकी झाकली असेल आणि तशीच दुसरी खिडकी फोटोत नसेल, तर क्लोन करायला काही नाहीच. अशी पाटी राहू द्या, किंवा फोटो तिथून क्रॉप करा.