वॉलपेपर हिरवा, मग फोन निळा का?

पावसाळ्यात काढलेला डोंगराचा फोटो पिक्सेल फोनवर वॉलपेपर म्हणून लावला. मेन्यू हिरवे होतील असं वाटलं होतं, झाले मळकट निळे. फोटोचा वरचा अर्धा भाग आभाळाचा होता ना! अँड्रॉइड १२ पासून फोन वॉलपेपरमधून एक मूळ रंग उचलतो आणि त्याच्याच फिक्या-गडद छटा बटणं, क्विक सेटिंग्ज, कीबोर्डला देतो. रंगानं किती जागा व्यापली आहे आणि तो किती भडक आहे, हे दोन्ही त्यात धरलं जातं.

फोटो बदलायची गरज नाही. होम स्क्रीनवर रिकाम्या जागी बोट दाबून धरा, `Wallpaper & style` उघडा. तिथे वॉलपेपरमधूनच काढलेले आणखी रंगगोळे दिसतात. मला तिसऱ्यात हवा तो हिरवा सापडला. फक्त, वॉलपेपर बदलला की ही निवड पुसली जाते.

रंग कायमचा हवा असेल, तर शेजारच्या तयार रंगांतला एक निवडा. मग वॉलपेपर रोज बदला, रंग हलत नाही. आईच्या फोनवर मी हेच केलंय, कारण रंग बदलला की तिला फोनच बदलल्यासारखा वाटतो. सॅमसंगवर हीच सोय `Color palette` नावानं आहे.

बँकेचं ॲप तरी जुन्याच रंगात दिसेल. ज्या ॲपनं ही सोय घेतलेली नाही, त्याला हा रंग लागत नाही.