घातश्रेणीचे अभिसरण अंतराल कसे काढावे: गुणोत्तर कसोटी आणि उरलेली दोन टोके

एक घातश्रेणी दिलेली असते, तिच्यात x असतो आणि विचारलेले असते की x च्या कोणकोणत्या किमतींना ही श्रेणी अभिसारी आहे. पहिल्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांत मला एकच दृश्य पुन्हा पुन्हा दिसते. गुणोत्तर बरोबर, सीमा बरोबर, असमताही बरोबर सोडवलेली, आणि तिथेच उत्तराला चौकट. टोकांचे काय झाले, याचा पत्ता नाही. दोन टोकांचा निकाल गुणोत्तर कसोटी देत नाही, देऊही शकत नाही. ते का, हे एका उदाहरणातूनच पाहू.

∑ (2x − 5)ⁿ / (n·3ⁿ), n = 1 पासून ∞ पर्यंत

सुरुवातीची पदे लिहून पाहिली की श्रेणी ओळखीची वाटू लागते: (2x − 5)/3 + (2x − 5)²/18 + (2x − 5)³/81 + … यात x = 3 घातला तर 1/3 + 1/18 + 1/81 + … अशी झपाट्याने बारीक होत जाणारी पदे मिळतात. x = 10 घातला तर 5, 12.5, 41.67 अशी फुगत जाणारी. म्हणजे 3 आणि 10 च्या मध्ये कुठेतरी हद्द आहे. ती नेमकी शोधायची आहे.

गुणोत्तरच का घ्यायचे?

भूमितीय श्रेढी आपण शाळेतच पाहिलेली असते. तिच्यात प्रत्येक पद आधीच्या पदाच्या r पट असते आणि |r| < 1 असेल तरच अनंत पदांची बेरीज मिळते. आपली श्रेणी भूमितीय नाही, कारण छेदातल्या n मुळे दर दोन पदांमधली पट थोडी थोडी बदलते. पण ही पट पुढे जाऊन एखाद्या L या संख्येजवळ स्थिरावत असेल आणि L < 1 असेल, तर एका ठरावीक पदानंतर आपली श्रेणी एका अभिसारी भूमितीय श्रेढीच्या खाली दबून राहते, म्हणून तीही अभिसारी. L > 1 असेल तर पदे पुढे मोठीच होत जातात, ती शून्याकडे जातच नाहीत, म्हणून श्रेणी अपसारी. L = 1 आला तर मात्र कसोटी गप्प बसते. हे शेवटचे वाक्य लक्षात ठेवा, टोकांचा सगळा घोळ त्यातूनच निघतो.

गुणोत्तर मांडणे

सर्वसाधारण पदात जिथे जिथे n आहे तिथे तिथे n + 1 लिहायचे आणि त्याला मूळ पदाने भागायचे. भागण्याऐवजी उलटे करून गुणले की चुका कमी होतात:

|aₙ₊₁ / aₙ| = |2x − 5|ⁿ⁺¹ / ((n + 1)·3ⁿ⁺¹) × n·3ⁿ / |2x − 5|ⁿ = (|2x − 5| / 3) × n/(n + 1)

3ⁿ⁺¹ म्हणजे 3·3ⁿ, म्हणून 3ⁿ कटतो आणि एक 3 छेदात उरतो. वरही तसेच, |2x − 5| एकदाच उरतो. श्रेणीत (−1)ⁿ असता तर केवल मूल्यामुळे तो इथेच गळून पडला असता, त्याची काळजी नको. x भोवतीच्या उभ्या रेघा मात्र शेवटपर्यंत ठेवायच्या. त्या काढल्या की असमतेची डावी बाजू गायब होते आणि उत्तर अर्धवट येते.

क्रमगुणित असेल तर एक खड्डा आहे. (2n)! चे पुढचे पद (2n + 1)! नाही, (2n + 2)! आहे, कारण 2(n + 1) = 2n + 2. भागल्यावर (2n + 2)(2n + 1) असे दोन अवयव उरतात. एकच अवयव उरला असेल तर मागे जाऊन तपासा.

सीमा आणि असमता

आता n अनंताकडे जाऊ द्यायचा, x जागच्या जागी. n/(n + 1) ची सीमा 1, म्हणून L = |2x − 5| / 3. अभिसरणासाठी L < 1 हवा:

|2x − 5| < 3
−3 < 2x − 5 < 3
2 < 2x < 8
1 < x < 4

तिन्ही भागांत 5 मिळवायचे, मग तिन्ही भागांना 2 ने भागायचे. 2 ऐवजी ऋण संख्या असती तर भागताना दोन्ही चिन्हे उलटली असती.

पहिल्या ओळीकडे बघून “केंद्र 5, त्रिज्या 3” असे लिहून मोकळे होणारे बरेच असतात. कंसात नुसता x असता तर ते चालले असते. इथे 2x − 5 म्हणजे 2(x − 5/2), म्हणून केंद्र 5/2 आणि अभिसरण त्रिज्या 3/2. पडताळणी सोपी आहे: 1 आणि 4 यांचा मध्य 2.5, आणि तिथून दोन्ही टोके दीड-दीड अंतरावर.

टोके

1 आणि 4 यांच्या आत श्रेणी अभिसारी, बाहेर अपसारी, एवढे पक्के झाले. नेमके 1 वर आणि नेमके 4 वर काय? या किमती L च्या सूत्रात घालून बघितल्या तर दोन्हीकडे L = 1 येतो. तो येणारच, कारण L = 1 जिथे होतो त्याच जागांना आपण टोके म्हटले. कोणतीही श्रेणी घ्या, असमता सोडवून मिळालेल्या टोकांवर ही कसोटी गप्पच असते. म्हणून टोकाची किंमत L मध्ये नाही, मूळ श्रेणीत घालायची आणि दुसऱ्या कसोटीकडे जायचे.

x = 4 घातला तर 2x − 5 = 3, आणि 3ⁿ/(n·3ⁿ) म्हणजे 1/n. ही 1 + 1/2 + 1/3 + 1/4 + … अशी हरात्मक श्रेणी झाली. 1/3 + 1/4 हे 1/2 पेक्षा मोठे, त्यापुढची चार पदे मिळून 1/2 पेक्षा मोठी, पुढची आठही तशीच. अर्ध्या-अर्ध्याची भर कधी थांबत नाही, म्हणून श्रेणी अपसारी.

x = 1 घातला तर 2x − 5 = −3 आणि पद होते (−1)ⁿ/n, म्हणजे −1 + 1/2 − 1/3 + 1/4 − … चिन्हे आलटून पालटून, आकार सतत घटता आणि शून्याकडे जाणारा. लायब्निझच्या कसोटीने ही अभिसारी. त्यामुळे उत्तर 1 ≤ x < 4, म्हणजेच [1, 4). डावे टोक आत, उजवे बाहेर.

याच श्रेणीच्या छेदात n ऐवजी n² असता तर वरचे गुणोत्तर n²/(n + 1)² झाले असते, त्याचीही सीमा 1. म्हणजे असमता तीच, त्रिज्या तीच, पण टोकांवर 1/n² आकाराची पदे येतात आणि दोन्ही टोके आत जातात. छेदात n नसताच, तर टोकांवर 1 + 1 + 1 + … आणि −1 + 1 − 1 + … उरते, दोन्ही टोके बाहेर. तीन श्रेणी, एकच असमता, तीन वेगळी उत्तरे. असमतेपाशी थांबणाऱ्याला हा फरक दिसतच नाही.

बेरजा करून खात्री करताना

पुष्कळ जण कॅल्क्युलेटरवर काही पदे काढून बघतात. वाईट सवय नाही, पण हद्दीजवळ ती फसवते. x = 4.1 घ्या. आपल्या उत्तराप्रमाणे इथे श्रेणी अपसारी हवी. 2x − 5 = 3.2, त्याला 3 ने भागले की 16/15. पहिले पद 1.067, दुसरे 0.569, आणि पदे उतरतच जातात. पंधरावे पद सुमारे 0.1755 आहे. इथवर पाहणारा म्हणेल, श्रेणी अभिसारी, सरांचे चुकले. पण गुणोत्तर आहे (16/15) × n/(n + 1), आणि n = 15 ला ते बरोबर 1 होते. पंधरावे आणि सोळावे पद तंतोतंत सारखे, आणि तिथून पुढे पदे चढू लागतात. शंभरावे पद सुमारे 6.35 आहे. सीमा घ्यायची ती यासाठीच. सुरुवातीच्या पदांना यात मत नसते.

जिथे हात अडखळतो अशा आणखी जागा

∑ x²ⁿ/9ⁿ सारख्या श्रेणीत फक्त सम घात असतात. गुणोत्तर x²/9 येते, असमता x² < 9, म्हणून |x| < 3. इथे त्रिज्या 9 लिहिणे ही नेहमीची चूक, वर्गमूळ राहून जाते.

∑ xⁿ/n! मध्ये गुणोत्तर |x|/(n + 1), सीमा 0. ती x काहीही असला तरी 1 पेक्षा लहानच, त्यामुळे सोडवायला असमता उरत नाही आणि टोकेही नाहीत: श्रेणी सर्व वास्तव संख्यांवर अभिसारी. याउलट ∑ n!·xⁿ मध्ये गुणोत्तर (n + 1)|x| आहे. x शून्य नसेल तर ते अनंताकडे जाते, म्हणून श्रेणी फक्त x = 0 ला अभिसारी.

कधी सीमाच सापडत नाही. 1 + 3x + x² + 3x³ + x⁴ + … मध्ये गुणोत्तर 3|x| आणि |x|/3 यांच्यात आलटून पालटून उड्या मारते. त्यावरून श्रेणी अपसारी असे लिहू नका, ही पद्धत इथे चालत नाही एवढेच. सम आणि विषम घात वेगळे केले की दोन भूमितीय श्रेढी मिळतात आणि −1 < x < 1 हे उत्तर लगेच दिसते.

टोकांबद्दल अजून एक गोष्ट. x − x³/3 + x⁵/5 − … या व्यस्त टॅन्जंटच्या श्रेणीत गुणोत्तराची सीमा x² आहे. असमता −1 < x < 1 देते आणि लायब्निझच्या कसोटीने दोन्ही टोके आत येतात. x = 1 ला बेरीज π/4 होते. केरळच्या गणित परंपरेत ही श्रेणी चौदाव्या शतकातल्या माधवाच्या नावावर आहे. पण टोकावर श्रेणी अभिसारी असली तरी चाल कूर्मगतीची असते: 1000 पदे मिळवून चारने गुणले तरी 3.1405… येते, तिसऱ्या दशांश स्थळालाच चूक. त्याच परंपरेत π साठी टोकापासून आत सरकून x = 1/√3 घेतल्याचे रूपही आहे: √12 × (1 − 1/(3·3) + 1/(5·3²) − …). इथे x² = 1/3, म्हणजे प्रत्येक पद आधीच्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान, आणि दहाच पदांत 3.14159 हातात येते.